प्रकल्प नोंदी: गणित क्रमांक ७, तिरका कापलेली वृत्तचिती

९ ऑगस्ट

दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी सोडवलेल्या गणितांची पुस्तिका करायची आहे. नियम मीच घातलाय की गणितं मुलांच्या वहीतून यायची, आकृतीसकट, जशी फोटोत आली तशी. आज सातवं गणित हाती घेतलं.

फोटो ट्यूबलाइटखाली, तिरका काढलेला. पानाची डावी कड कापली गेली आहे. वर प्रश्न: F = (xy, y², z) या क्षेत्राचा दाखवलेल्या बंद पृष्ठातून बाहेर जाणारा फ्लक्स काढा. खाली उभी वृत्तचिती, वरून तिरकी छाटलेली. डावी कड उंच, तिच्याशेजारी 6. उजवी कड बुटकी, तिथे 2. पायावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बाण आणि 4. z वर जातो एवढं स्पष्ट. एक अक्ष आडवा, डावीउजवीकडे. दुसरा पानावर खाली डावीकडे उतरतो, त्याच्या टोकाशी एक पुसट अक्षर आहे.

आपल्या फळ्यावर नेहमी x आपल्याकडे येतो आणि y उजवीकडे जातो. तसंच धरलं. म्हणजे उंच बाजू y = −2 ला, बुटकी y = 2 ला, आणि वरचं प्रतल z = 4 − y. पाया त्रिज्या 2 चं वर्तुळ, z = 0.

बंद पृष्ठातून बाहेर जाणारा फ्लक्स म्हणजे आतल्या घनफळावर डायव्हर्जन्सचं इंटिग्रल. डायव्हर्जन्स: xy चा x च्या सापेक्ष y, y² चा y च्या सापेक्ष 2y, z चा 1. मिळून 3y + 1. यात z नाही, त्यामुळे उभ्या दिशेचं इंटिग्रेशन म्हणजे नुसतं उंचीने गुणणं:

```
∬ (3y + 1)(4 − y) dA = ∬ (4 + 11y − 3y²) dA
```

पायाचं क्षेत्रफळ 4π. वर्तुळावर y चं इंटिग्रल शून्य, y² चं πR⁴/4, म्हणजे इथे 4π. उत्तर 16π − 12π = 4π. दहा मिनिटांत झालं. एवढं सोपं गणित पुस्तिकेत घ्यावं का, असंही वाटून गेलं.

१० ऑगस्ट

पुस्तिकेतल्या प्रत्येक गणिताचा ताळा थेट पृष्ठावरून करायचा असं ठरलंय. या घनाकृतीला तीन पृष्ठं: पाया, तिरकं झाकण आणि वाकडी भिंत.

पाया. बाहेरचा नॉर्मल खाली, (0, 0, −1). F चा खालचा घटक −z, आणि पायावर z शून्य. फ्लक्स शून्य.

झाकण. इथे मी आपटले. नॉर्मल (0, 1, 1)/√2 घेतला, F शी गुणला, (y² + z)/√2 मिळालं, आणि ते सरळ पायाच्या वर्तुळावर इंटिग्रेट केलं. 20π/√2 आलं. भिंत करून बेरीज केली तर एकूण ऋण, उणे 1.86π च्या आसपास. कालच्या 4π शी काही केल्या जुळेना. चूक अशी की तिरक्या झाकणाचा छोटा तुकडा त्याच्या खालच्या सावलीपेक्षा √2 पट मोठा असतो. 45 अंशांचा उतार आहे ना. म्हणजे dS = √2 dA, आणि वरचा √2 खालच्या √2 ला खाऊन टाकतो. मुलांना सांगताना एकक नॉर्मलच्या वाटेला जाऊच नये. z = 4 − y असेल तर n dS म्हणजे (0, 1, 1) dA, संपलं. मग

```
∬ (y² + z) dA = ∬ (y² + 4 − y) dA = 4π + 16π = 20π
```

भिंत. तिथे नॉर्मल (x/2, y/2, 0). गुणाकार y(x² + y²)/2, आणि भिंतीवर x² + y² = 4, म्हणून 2y. कोनात लिहिलं तर 4 sin θ. भिंतीची उंची θ ला 4 − 2 sin θ, रुंदीचा तुकडा 2 dθ.

```
∫ 4 sin θ · (4 − 2 sin θ) · 2 dθ = −16π      (θ: 0 ते 2π)
```

हे ऋण का, ते कळलं पाहिजे, नाहीतर मुलं चिन्ह चुकलं म्हणून खोडून टाकतात. भिंतीवर 4 sin θ हे y धन असलेल्या अर्ध्या भागात धन आहे, म्हणजे तिथून क्षेत्र बाहेर जातं. पण तिथली भिंत बुटकी. समोरच्या अर्ध्यात तेवढ्याच जोराने आत येतं आणि तिथली भिंत उंच. आत येणारं जास्त, म्हणून उणे.

0 + 20π − 16π = 4π. जुळलं. गणितापुढे बरोबरची खूण केली.

१२ ऑगस्ट

जिचा फोटो होता ती मुलगी मधल्या सुट्टीत आली. "मॅडम, माझं 28π आलंय. आणि मी ताळा पण केलाय."

मी म्हटलं, "अगं, ताळ्यात काहीतरी हुकलं असेल. वही दाखव." कच्चं काम दुसऱ्या वहीत होतं, ती तिने उघडली. पाया शून्य. झाकण 12π. भिंत 16π. बेरीज 28π. एकेक ओळ तपासली. एकही चूक नाही. तिचं प्रतल मात्र z = 4 + y होतं.

म्हणजे दोघींचं गणित बरोबर, दोघींचा ताळा बरोबर, आणि उत्तरात सात पटींचा फरक. ताळा काय तपासतो हे मी इतकी वर्षं शिकवताना नीट बोललेच नव्हते. घनफळावरचं इंटिग्रल आणि पृष्ठावरचं इंटिग्रल एकाच घनाकृतीचे असतील तर जुळणारच, प्रमेयच आहे ते. ती घनाकृती फोटोतली आहे की मी मनाने केलेली, हे प्रमेयाला कुठून कळणार?

"तू y डावीकडे का घेतलास?" तर म्हणाली, फळ्यावरून उतरवताना शेवटच्या बाकावर होते, मग घरी सोडवताना सहा असलेली बाजू धन धरली. मोठा आकडा धन बाजूला. हे कारण ऐकून हसू आलं खरं, पण माझं कारण तरी काय होतं? सवय. फोटोत तर दोन्हीपैकी काहीच लिहिलेलं दिसत नव्हतं.

१३ ऑगस्ट

आज आकृती नव्याने वाचली, काहीही गृहीत न धरता. z वर आहे. डावी बाजू उंच आहे. अनिश्चित आहे तो खाली डावीकडे उतरणारा अक्ष: त्याच्या टोकाचं अक्षर x की y, आणि तो आपल्याकडे येतो की मागे जातो.

अक्षराचा घोळ खरा आहे. हाताने लिहिताना x ची एक रेघ लांब ओढली की त्याला शेपटी येते आणि तो y दिसतो. या मुलीचे दोन्ही तसेच.

दिशेचा घोळ जास्त नाजूक आहे. पानावर खाली डावीकडे जाणारी रेघ, आकृती वरून पाहिलेली असेल तर आपल्याकडे येते. तीच आकृती खालून पाहिलेली असेल तर मागे जाते. वरून की खालून हे ठरवायला न दिसणाऱ्या कडा तुटक असाव्या लागतात. वरून पाहिलं तर झाकणाचं लंबवर्तुळ पूर्ण दिसतं आणि पायाची मागची कमान लपते. माझ्याकडच्या फोटोत सगळ्याच रेघा सलग दिसतात.

एकदा हा एक अक्ष ठरला की आडवा अक्ष आपोआप ठरतो, कारण उजव्या हाताचा नियम: x कडून y कडे बोटं वळवली की अंगठा z कडे. टेबलावर कोपर टेकून चारही शक्यता हाताने करून पाहिल्या. x आपल्याकडे असेल तर y उजवीकडे, प्रतल z = 4 − y. x मागे असेल तर y डावीकडे, प्रतल z = 4 + y. y आपल्याकडे असेल तर x डावीकडे, z = 4 + x. y मागे असेल तर x उजवीकडे, z = 4 − x. शेवटच्या दोन्हींत उतार x च्या दिशेने आहे आणि डायव्हर्जन्समध्ये x नाहीच, म्हणून त्यांचं उत्तर एकच येणार.

रात्री खात्री करून घेतली:

```python
from sympy import *
r, t, z = symbols('r t z')
y = r*sin(t)
def flux(top):
    I = integrate((3*y + 1)*r, (z, 0, top))
    return integrate(I, (r, 0, 2), (t, 0, 2*pi))
print(flux(4 - y), flux(4 + y), flux(4 - r*cos(t)))
```

छापलं: `4*pi 28*pi 16*pi`. एका फोटोची तीन उत्तरं. ९ तारखेला या गणिताला सोपं म्हटलं होतं, ती ओळ मुद्दाम खोडत नाही.

१६ ऑगस्ट

हातात धरता येईल असा नमुना हवा होता. वर्कशॉपमधल्या काकांना आकृती दाखवली. ते म्हणाले, "मॅडम, हा तर पाइपाचा तिरका काप. चार इंची पीव्हीसी पडलाय, देतो करून."

पाइपाचा बाहेरचा व्यास ११० मिमी. आपली त्रिज्या 2, म्हणजे एक एकक २७.५ मिमी. उंच कड १६५, बुटकी ५५. मला एकच तुकडा हवा होता, पण काकांनी २२० मिमी लांबीचा पाइप घेतला आणि म्हणाले, मधून तिरका कापला की दोन सारखे तुकडे निघतात, वाया काही जात नाही.

तिरका काप आखायला ते पाइपाला कागद गुंडाळतात. परीघ सुमारे ३४६ मिमी. कागदाचे बारा भाग केले, प्रत्येक साधारण २८.८ मिमी, आणि प्रत्येक रेघेवर उंची मांडली: ११०, मग ८२.५, मग ६२.४, मग ५५, आणि पुन्हा चढत. बिंदू जोडले तर कागदावर लाट आली. ती लाट म्हणजे १० तारखेची 4 − 2 sin θ. भिंतीच्या इंटिग्रलमधली वरची मर्यादा काका पेन्सिलने काढत होते. भिंत उलगडून सपाट केली की तिरक्या कापाची कड साइन वक्र होते, हे मी वर्गात तोंडी सांगते. यापुढे तो कागद घेऊन जाणार आहे, मागून घेतला.

करवतीने कापल्यावर दोन तुकडे हातात आले आणि खरी गंमत तेव्हा लक्षात आली. दोन्ही एकमेकांवर बसवले की 8 उंचीची सरळ वृत्तचिती. घनफळ 32π, एका तुकड्याचं निम्मं, 16π. हे काही न मांडता दिसतं. आता फ्लक्स. सरळ वृत्तचितीत y ची बेरीज शून्य, उरतो 1, म्हणून एकूण फ्लक्सही 32π. खालचा तुकडा माझा, 4π. मग वरच्याचा 28π असलाच पाहिजे. तो तिचा आकडा!

योगायोग नाही. वरच्या तुकड्याची उंची y जिथे धन आहे तिथे जास्त, म्हणजे तो तिच्या घनाकृतीसारखाच, फक्त उलटा होऊन वर बसलेला. डायव्हर्जन्समध्ये z नसल्यामुळे वर बसला की खाली याने फरक पडत नाही. पण पृष्ठं निराळी वागतात. त्याचा वरचा सपाट चेहरा z = 8 वर आहे, तिथून 32π बाहेर. तिरका चेहरा माझ्याच झाकणाला चिकटलेला, माझ्याकडून 20π बाहेर जाताना त्याच्यात 20π आत येतात. भिंतीतून 16π. बेरीज 28π. दोन तुकडे जोडले की मधल्या चेहऱ्याचा हिशोब मिटतो, आणि प्रमेयाची सिद्धता याच मिटण्यावर उभी आहे. आपण याला गाऊसचं प्रमेय म्हणतो. रशियन पुस्तकांत ओस्ट्रोग्राडस्कीचंही नाव जोडलेलं असतं.

स्केच पेनने एका तुकड्यावर अक्ष काढले आणि तो डोळ्यासमोर फिरवत राहिले. उंच बाजू डावीकडे ठेवून वरून पाहिला तर फोटोसारखा. आरपार कडा दिसतात अशी कल्पना करून खालून पाहिला तरी बाह्यरेषा जवळपास तशीच. तुटक रेघांशिवाय डोळा फसणारच.

१७ ऑगस्ट

मुलीला म्हटलं, तोच फोटो मूळ आकारात पाठव, डॉक्युमेंट म्हणून. साधा पाठवला की बारीक गोष्टी पुसल्या जातात. आणि शक्य असेल तर पानही आण.

मूळ फोटो मोठा करून पाहिला. पायाची मागची कमान तुटक आहे. म्हणजे आकृती वरून पाहिलेली, आणि खाली डावीकडे उतरणारा अक्ष आपल्याकडेच येतो. त्याच्या अक्षराला शेपटी आहे, पण प्रश्नातल्या xy शी ताडून पाहिलं तर तिचा x असाच असतो, आणि y ची शेपटी डावीकडे वळलेली असते. हे x. तरी हा पुरावा मी कच्चाच धरला असता.

पक्का पुरावा पानावर होता, फोटोत नव्हता. उंच टोकाच्या डावीकडे, अगदी समासात, पेन्सिलने (0, −2, 6). z = 4 − y मध्ये y = −2 घातला तर 6. z = 4 + y मध्ये 2. उतार x च्या दिशेचा असता तर x शून्य असताना उंची 4 आली असती. एका बिंदूने चारातली तीन वाचनं बाद झाली.

"हे मीच लिहिलंय मॅडम, सर बोलले म्हणून. पण कशासाठी ते नाही कळलं." उत्तर 4π. तिने स्वतःच 28π वर रेघ मारली, आणि मी तिला ती ओळ ठेवायला सांगितली.

२१ ऑगस्ट

मसुदा लिहिताना आणखी दोन गोष्टी करून पाहिल्या.

पायावरच्या 4 ला त्रिज्या समजलं तर काय? बाण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आहे, म्हणून व्यास; पण घाईत मुलं त्रिज्या घेतात. मग उंची 6 वरून 2 वर यायला 8 एकक लागतात, प्रतल z = 4 − y/2, आणि उत्तर 64π − 96π = −32π. चिन्हच उलटलं, कारण पहिला भाग R² ने वाढतो आणि दुसरा R³ ने: y² चं इंटिग्रल R⁴ ने वाढतं, पण उतार R ने कमी होतो. मुलं म्हणतील ऋण आलं म्हणजे चुकलं. तसं नाही. 3y + 1 हा y = −1/3 च्या पलीकडे ऋणच आहे, आणि उंच बाजू नेमकी तिथे. ऋण उत्तर इथे अशक्य नाही, म्हणून चिन्हावरून चूक पकडता येत नाही. बाण कुठून कुठे आहे हेच बघावं लागतं.

दुसरी गोष्ट पायाची. या क्षेत्रात पाया शून्य देतो, त्यामुळे पाया विसरलेला विद्यार्थीही 4π वरच पोचतो आणि त्याला कळतही नाही. म्हणून पुस्तिकेत तिसरा घटक z ऐवजी z + 1 केला. डायव्हर्जन्स तोच, एकूण उत्तर तेच 4π. पण आता पाया −4π देतो आणि झाकण 24π. पाया विसरला की 8π येईल आणि ताळा ओरडेल.

बदललेला प्रश्न असा लिहिला: F = (xy, y², z + 1). आकृतीत (0, −2, 6) आणि (0, 2, 2) हे दोन बिंदू ठळक, पायाची मागची कमान तुटक, बाणाशेजारी "व्यास 4". उत्तराआधी एक रिकामी ओळ ठेवली आहे: "तुम्ही घेतलेल्या प्रतलात हे दोन्ही बिंदू घालून पाहा." पाइपाचे दोन तुकडे विभागाच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवलेत. एकावर 4π, दुसऱ्यावर 28π लिहिलंय.